ओल्या काजूची उसळ, 450 रुपये: टेबलाशी उभं राहून हे कसं सांगायचं

पुण्यात आमचं छोटं मालवणी हॉटेल आहे, 11 टेबलं. दरवर्षी शिमग्याच्या आसपास आम्ही ओल्या काजूची उसळ लावतो. पहिल्या वर्षी मी ती मेनूत नुसती लिहून टाकली, 'ओले काजू उसळ – 450', आणि आठवडाभर कोणी हात लावला नाही. जे विचारायचे ते कॅप्टनला एवढंच विचारायचे की साडेचारशेला उसळ? शेजारच्याच ओळीत काळ्या वाटाण्याची उसळ 170 ला होती ना, मग माणूस तुलना त्याच्याशीच करणार. उरलेला माल शेवटी आम्ही स्टाफने खाल्ला, छान लागला, पण तो महागातला स्टाफ मील होता.

दुसऱ्या वर्षी भाव तोच ठेवला, फक्त सांगायचं कसं ते बसून लिहून काढलं. ते लिहिलेलंच खाली देतोय, आणि प्रत्येक वाक्य तिथे का आहे तेही. तुमची डिश वेगळी असेल तर शब्द बदला, क्रम शक्यतो बदलू नका.

आधी हिशोब, मग तोंड उघडायचं

भाव कुठून आला हे मालकाला स्वतःला रुपयात माहीत नसेल तर सांगताना आवाज पडतो, आणि गिऱ्हाईकाला तो लगेच कळतो. म्हणून आधी कागद घ्या. आमचा एका खेपेचा हिशोब सांगतो, तुमच्याकडे भाव वेगळा असेल, आणि तो सीझनभर खालीवर होतोच.

सालासकट गर आम्हाला 1200 रुपये किलोने मिळाला. रात्रीच्या गाडीने बर्फात पार्सल, किलोमागे 60. इथे आल्यावर गरम पाण्यात टाकून वरची पातळ साल काढावी लागते, ते काम ज्या ताई करतात त्यांना किलोमागे 100. म्हणजे 1360 झाले. आता साल गेली, आणि काही गर काळे पडलेले किंवा कापताना तुटलेले असतात ते गेले, तर किलोचे हातात साधारण 860 ग्रॅम राहतात. प्लेटला 80 ग्रॅम धरले, आमच्या मालात त्यात 24 ते 26 गर बसतात. 860 ला 80 ने भागून कागदावर पावणेअकरा प्लेटी दिसतात, पण तुम्ही 10 च धरा, एखादा चमचा इकडेतिकडे जातोच. म्हणजे नुसत्या काजूचा खर्च प्लेटला 136. वाटण, मसाला, तेल, गॅस 30. सोबत दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढी, 24. एकूण 190.

आता नेहमीचं गणित असं सांगतं की मालाचा खर्च विक्रीच्या 30-35 टक्क्यांत बसवा. तसं केलं तर भाव साडेपाचशे ते सव्वासहाशेच्या आसपास जातो आणि माझ्या एरियात उसळीला तेवढे कोणी देणार नाही. 450 ला खर्च 42 टक्के होतो, अकाउंटवाला नाक मुरडतो. पण टक्के बाजूला ठेवा आणि रुपये बघा: काळ्या वाटाण्याच्या उसळीत 170 मधून 45 जाऊन 125 उरतात, इथे 450 मधून 190 जाऊन 260 उरतात, आणि टेबल तेच, वेळही तेवढाच. मला 450 परवडतं. हे एकदा डोक्यात बसलं की भाव सांगताना माफी मागितल्यासारखं होत नाही.

हाफ प्लेटही काढली, 40 ग्रॅमची. काजू 68, मसाला 15, भाकरी-सोलकढी तीच 24, म्हणजे 107. भाव 250. ही हाफ पुढे स्क्रिप्टमध्ये फार कामाला येते.

गोष्टीतलं काय घ्यायचं, काय सोडायचं

काजूबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. झाड मुळात ब्राझीलकडचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणलं, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने त्याच्या जाती काढल्या, वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा आहे, गोव्यात या ओल्या गरांना बिब्बे म्हणतात (आपला औषधातला बिब्बा वेगळा, त्याची गल्लत करू नका). सगळं खरं आहे, इंटरेस्टिंग आहे, आणि भुकेल्या माणसासमोर यातलं काहीही बोलायचं नाही. पोर्तुगीजांमुळे 450 रुपये झालेले नाहीत.

माझी चाळणी सोपी आहे. ज्या गोष्टीमुळे भाव वाढला तीच सांगायची, आणि त्यातलीही अशी जी गिऱ्हाईक पुढच्या पंधरा मिनिटांत जिभेने किंवा डोळ्याने तपासू शकेल. ओल्या काजूत भाव कशाने वाढतो? हाताच्या कामाने. बी हिरवी असतानाच काढतात, टरफल अजून मऊ असतं, ते विळीवर किंवा कोयतीवर मधोमध चिरून आतला गर काडीने अलगद काढायचा. त्या टरफलात चीक असतो, तो कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं, काळे डाग पडतात, साल निघते. म्हणून कापणाऱ्या बायका आधी हाताला खोबरेल चोळतात, काही जणी राख लावतात. सुक्या काजूची बी भाजून किंवा वाफवून फोडतात आणि त्याला आता मशीन आलेत, पण हिरव्या बीचं काम अजून बहुतेक हातानेच चालतं. शिवाय शेतकऱ्याने ती बी हिरवी तोडली म्हणजे पुढे वाळून विकायची ती संपली, तोही त्याचा भाव लावतो. आणि हे दोन-तीन महिनेच, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, फार तर मेची सुरुवात.

यातलं स्क्रिप्टमध्ये एकच चित्र येतं: खोबरेल लावलेले हात आणि एकेक बी. बाकीचं कोणी विचारलं तर.

पहिलं वाक्य: पंजाबी काजू करी डोक्यातून काढा

हे मला उशिरा कळलं. आम्ही 'ओला काजू' म्हटलं की पुण्यातल्या निम्म्या टेबलांवर लोकांच्या डोळ्यासमोर पांढरी, गोडूस, क्रीमवाली काजू करी यायची. मग पुढे तुम्ही कितीही सुंदर बोला, माणूस मनात म्हणत असतो की मला गोड नको. तर पहिल्या वाक्याचं काम ते चित्र पुसायचं. तुमच्याकडे दुसरी डिश असेल तर स्वतःला विचारा, नाव ऐकल्यावर लोकांना चुकीचं काय आठवतं, आणि तिथून सुरू करा.

आता पूर्ण स्क्रिप्ट. पाणी ठेवून झालंय, मेनू हातात आहे, ऑर्डर अजून दिलेली नाही. मी टेबलाशी जातो:

"नमस्कार, एक मिनिट घेऊ? सध्या ओल्या काजूची उसळ आहे. काजू करीसारखी गोड नाही, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली, मालवणी मसाल्याची, तिखटाला मध्यम. काजू ओला आहे, म्हणजे झाडावरून हिरवा काढलेला, सुका भिजवलेला नाही. चावलात तर कोवळ्या शहाळ्याच्या खोबऱ्याच्या जरा पुढचा, कुरकुरीत नाही पण दाताला लागतो. टरफलातल्या चिकाने हात भाजतात, म्हणून गावाकडे बायका हाताला खोबरेल लावून एकेक बी चिरतात, त्यामुळे महाग पडतो. प्लेट साडेचारशे, वर जीएसटी, त्यात पंचवीसेक काजू, दोन भाकऱ्या आणि सोलकढी येते. दोघांना पुरते. हाफ अडीचशे. कोणाला काजूची अ‍ॅलर्जी नाही ना?"

घड्याळ लावून बोला, तीस सेकंदांच्या थोडं वर जातं. चाळीसच्या वर गेलात तर लोक मेनूकडे बघायला लागतात. आणि शेवटचा अ‍ॅलर्जीचा प्रश्न उगाच नाही, तो तसाही विचारायलाच हवा, पण त्याचा अजून एक फायदा असा की भाव सांगितल्यावर जी अवघडलेली शांतता येते ती येत नाही, माणसाला सोपं उत्तर द्यायला मिळतं आणि तेवढ्यात तो विचार करतो. त्यानंतर मी बोलत नाही. खरंच गप्प बसतो. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला वाटतं की अजून एक वाक्य टाकलं की ऑर्डर पक्की. त्या एका वाक्यातच आपण भाव समजावून सांगायला लागतो आणि ऑर्डर जाते.

भाव कुठे आलाय बघा. हातांच्या चित्राला चिकटून, त्याच दमात, आणि लगेच मागे प्लेटीत काय येतं ते. भाव शेवटी एकटा टाकला की तो बिलासारखा ऐकू येतो. भाव सुरुवातीला टाकला तर पुढचं सगळं समर्थन वाटतं. आणि भाव न सांगणं तर सगळ्यात वाईट, कारण माणूस खाऊन झाल्यावर बिलात बघतो, भांडत नाही, पण परत येत नाही.

'कोवळ्या शहाळ्याच्या खोबऱ्याच्या जरा पुढचा' हे वाक्य मी मुद्दाम ठेवलंय. 'अप्रतिम चव', 'ऑथेंटिक', 'आजीची रेसिपी' यातलं काही तपासता येत नाही. दाताला कसा लागतो ते तपासता येतं, आणि पहिल्या घासाला ते जुळलं की बाकीचंही खरं असणार असं माणूस धरून चालतो.

मालक सगळीकडे पोचत नाही, कॅप्टनचं व्हर्जन

शनिवारी रात्री मी गल्ल्यावर अडकलेला असतो. कॅप्टनला वरचं पूर्ण पाठ करायला लावलं तर तो शाळेतल्या कवितेसारखं म्हणतो. त्याला चार गोष्टी दिल्या, शब्द त्याचे: गोड नाही, ओला आहे, हाताने काढलेला, साडेचारशेला पंचवीसेक काजू आणि दोघांना पुरतं. एवढंच. आणि पहिल्या दिवशी सर्व्हिसच्या आधी सगळ्या स्टाफला एकेक वाटी खायला दिली, कारण ज्याने खाल्लंच नाही तो 'बरी असते साहेब' म्हणतो आणि तिथेच खेळ संपतो. कच्ची हिरवी बी पण एक आणून दाखवली, लांबूनच. आमचा एक पोरगा उत्साहात ती नखाने फोडायला गेला, दोन दिवस बोटाला पट्टी. आता तो जे सांगतो ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतो, बोट दाखवून.

मेनूत किंवा फळ्यावर लिहायचं ते असं:

"ओल्या काजूची उसळ. झाडावरून हिरवा काढलेला काजू, भाजक्या खोबऱ्याचं वाटण. दोन भाकऱ्या, सोलकढी. फुल 450, हाफ 250. एप्रिलपर्यंत."

काळ्या वाटाण्याच्या ओळीखाली टाकू नका, सुरमई-पापलेटच्या पानावर टाका किंवा वेगळा फळा करा. आणि 'मार्केट रेटप्रमाणे' लिहू नका. माशाला लोकांना त्याची सवय आहे, उसळीला नाही, आणि पुण्यात चारचौघांत भाव विचारायला माणूस लाजतो, त्यापेक्षा ती डिशच सोडून देतो. मालाचा भाव मध्येच वाढला तर फळ्यावरचा आकडा बदला, टेबलावर बोलायचा आकडा आणि फळ्यावरचा आकडा मात्र एकच हवा.

लोक काय म्हणतात आणि तेव्हा काय म्हणायचं

"साडेचारशेला उसळ? जास्त नाही वाटत?" हे येणारच. इथे वाद नाही, आणि गोष्ट परत सांगायची नाही. मी म्हणतो, "हो काका, उसळ म्हणून महागच आहे. किलोतून दहाच प्लेटी निघतात. हाफ घ्या, अडीचशे, आवडली तर पुढच्या वेळी फुल." पहिला शब्द 'हो' असतो, आणि मग एकच आकडा जो त्यांनी आधी ऐकलेला नाही. बऱ्याच वेळा हाफ जाते, आणि हाफमध्ये मला 143 उरतात, म्हणजे वाटाण्याच्या उसळीपेक्षा जास्तच. नाही घेतली तर "वाटाण्याची पण आज छान झालीय" म्हणून पुढे. ते मनापासून म्हणायचं.

"मी घरी काजू भिजवून करते, तसंच लागतं की." हे म्हणणाऱ्या ताई चुकीच्या नसतात, भिजवलेल्या सुक्या काजूची उसळही चांगली होते, पण तो शिजल्यावर मऊ आणि गोडसर होतो. "करता येते ना ताई. भिजवलेला मऊ पडतो, हा जरा दाताखाली राहतो, दुधाळ लागतो. दोन गर आणतो, नुसते खाऊन बघा." आणि खरंच वाटीत दोन शिजवलेले गर आणायचे. दोन गरांचा खर्च दहा-अकरा रुपये. तुम्ही कितीही बोललात तरी हे त्याहून स्वस्त पडतं.

"आमचं सिंधुदुर्गच, आमच्याकडे यात बटाटा घालतात." घालतात, खरं आहे, घरी वाटी भरायला घालतातच. "घालतात, आम्ही नाही घालत, कारण 450 घेऊन बटाटा दिला तर तुम्हीच मला बोलाल." कोकणातल्या गिऱ्हाईकाला गोष्ट सांगायला जाऊच नका, त्याला ऐकायला लावा, तोच तुम्हाला सांगेल की त्यांच्याकडे कोणाची आत्या हाताला काय लावायची. ते मन लावून ऐका, पुढच्या टेबलाला उपयोगी पडतं, पण 'आमच्या आत्या' म्हणून नाही.

यावरून आठवलं. ज्या गावातून माल येतो तेच गाव सांगा, आणि दोन ठिकाणांहून येत असेल तर 'कोकणातून' म्हणा. एका वर्षी कॅप्टन प्रत्येक टेबलाला वेगळं गाव सांगत होता, गिऱ्हाईक कुठलं आहे ते बघून. दोन टेबलं एकमेकांच्या ओळखीची निघाली. पुढचं सांगत नाही.

कुठे बिघडतं आणि ते कसं कळतं

सगळ्यात मोठा धोका माल संपत आल्यावर येतो. ताजा सोललेला गर बाहेर दिवसभरात खराब व्हायला लागतो, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठीक, मग चिकट होतो, आंबूस वास येतो, तो टाकायचाच. फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने राहतो, आम्हीही ठेवतो. पण फ्रीझरचा गर शिजवल्यावर थोडा भुसभुशीत लागतो आणि स्क्रिप्टमधलं 'दाताला लागतो' तिथे खोटं पडतं. म्हणून फ्रीझरचा माल सुरू झाला की वाक्य बदलतो: "सीझनमध्ये काढून ठेवलेला आहे, ताज्याइतका दाताला लागत नाही, म्हणून भाव 380." आणि सुका भिजवून घातला तर त्याला 'ओल्या काजूची' म्हणायचंच नाही, ती वेगळी डिश, वेगळा भाव. हे एकदा जरी फसवलंत तरी ज्याला फरक कळतो तो नेमका तुमचा रेग्युलर असतो.

दुसरं, स्वयंपाकघर. स्क्रिप्टने 25 गर कबूल केलेत, मग शेफला वजनकाट्यावर 80 ग्रॅमच काढायला लावा, अंदाजाने नाही, लोक खरोखर मोजतात, मुलं तर मोठ्याने मोजतात. आणि ओला गर दहा-बारा मिनिटांत शिजतो, वाटण आधी शिजवून तो शेवटी टाका, नाहीतर त्याचे दोन भाग होऊन पाकळ्या वाटणात हरवतात आणि प्लेटीत बघताना पंचवीस दिसत नाहीत.

तिसरं, मोजा. पहिले दहा दिवस गल्ल्याजवळ वहीत तीन रकाने: किती टेबलांना सांगितलं, किती जणांनी घेतली, प्लेटीत काय उरलं. आमचं पहिल्या दहा दिवसांत 92 टेबलांना सांगून 31 गेल्या, त्यात 19 हाफ. 'म्हणजे काजू करी का?' असं परत परत कोणी विचारत असेल तर तुमचं पहिलं वाक्य नीट पडत नाहीये. लोक ऐकतात, मान हलवतात आणि दुसरंच मागवतात, तर भाव आणि प्लेटीतलं सामान यांच्यात अंतर पडतंय, ते एका श्वासात आणा. घेतात पण वाटण उरतं, काजू निवडून खाल्लेले, तर मसाला जड झालाय, तो स्क्रिप्टचा दोष नाही. आणि सगळे हाफच घेत असतील तर हाफ इतक्या लवकर सांगू नका, कोणी कचरलं तरच सांगा. आम्ही अकराव्या दिवसापासून तेच केलं आणि फुल वाढल्या.

संपल्यावर

रात्री साडेनऊला संपते, आणि नेमकं तेव्हा कोणीतरी फक्त त्यासाठी लांबून आलेलं असतं. "संपली" एवढंच म्हणून वळू नका. "आज दहाच प्लेटी होत्या, संपल्या. पुढचं पार्सल गुरुवारी सकाळी येतंय. नंबर दिलात तर दोन प्लेटी बाजूला ठेवतो, आठपर्यंत या." आणि मग खरंच ठेवायच्या, आठला कोणी मागितली तरी द्यायची नाही. सव्वाआठला फोन करायचा, "येताय ना?", नाही म्हणाले तर सोडायची. सीझनचं शेवटचं पार्सल असेल तर तेही सांगायचं, पण खरंच शेवटचं असेल तरच. आमच्या फळ्यावर मागच्या वर्षी 'शेवटचे 3 दिवस' तब्बल बारा दिवस होतं, पोरं पुसायला विसरली, आणि एका आजोबांनी रोज येऊन मोजलं.